डिस्कशनमधलं वाक्य कोणत्या तक्त्यातून आलं? वैद्यकीय थीसिसच्या परीक्षकांना खुलं पत्र

वैद्यकीय पदव्युत्तर थीसिसचे परीक्षक आणि गाईड यांस,

स. न. वि. वि.

थीसिस तपासताना आपण डिस्कशनचं प्रकरण कसं वाचता, एवढ्याच विषयावर हे पत्र आहे. मी एका वैद्यकीय महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो. विद्यार्थ्यांचे तक्ते माझ्या टेबलावरून पुढे जातात. त्यामुळे रिझल्ट्समध्ये काय निघालं ते मला आधी ठाऊक असतं, आणि डिस्कशनमध्ये त्याचं काय झालं ते बांधणी झालेली प्रत हातात आल्यावर कळतं.

आपल्याकडच्या डिस्कशनचा साचा आपल्याला तोंडपाठ असेल. ‘आमच्या अभ्यासात सरासरी वय ४५.२ वर्षं होतं, अमुक आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात ४४.८ होतं, म्हणजे आमचे निष्कर्ष त्यांच्याशी जुळतात.’ मग लिंग, मग वजन, मग रक्तदाब. पंधरा पानं हीच जुळवाजुळव चालते. वय जुळणं हा निष्कर्षच नव्हे, दोघांनी सारख्या वयाचे पेशंट घेतले एवढंच त्यातून कळतं. आणि मग शेवटच्या पानावर अचानक वाक्य येतं: ‘म्हणून हे औषध नियमित वापरात आणावं.’ मधला रस्ता कुठेच दिसत नाही. तरीही परीक्षकांचा शेरा बहुतेक वेळा असतो ‘संदर्भ आणखी वाढवा’, नाहीतर ‘अलीकडचे अभ्यास घ्या’. शेवटच्या पानावरचं ते वाक्य तक्ता क्रमांक किती वरून आलं, हे विचारलेलं मी क्वचितच ऐकलं आहे.

हे फक्त पहिल्यांदा लिहिणाऱ्या पोरांचंच होतं असं नाही. जगातल्या सर्वांत मानाच्या नियतकालिकांपैकी एकात छापलेल्या, आपले विद्यार्थी आजही सर्रास उद्धृत करतात अशा एका पेपरचं उदाहरण घेतो. स्पेनमधली प्रेडिमेड ही ट्रायल २०१३ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली. हृदयविकाराचा धोका जास्त, पण अजून हृदयविकार झालेला नाही, अशी ५५ ते ८० वयाची ७४४७ माणसं त्यात होती. त्यांचे तीन गट केले. पहिल्याला भूमध्यसागरी आहार आणि सोबत फुकट एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल, घरटी आठवड्याला सुमारे एक लिटर. दुसऱ्याला तोच आहार आणि रोज ३० ग्रॅम अक्रोड, बदाम, हेझलनट. तिसरा कंट्रोल गट, त्याला चरबी कमी खाण्याचा सल्ला. हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू, यांतलं काहीही झालं की एक घटना मोजायची, असं आधीच ठरलं होतं. साधारण पावणेपाच वर्षांत तेल गटात ९६, सुकामेवा गटात ८३ आणि कंट्रोल गटात १०९ घटना झाल्या. पहिल्या दोन गटांतला धोका कंट्रोलच्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी कमी निघाला, आणि पेपरचा निष्कर्ष होता की या आहाराने घटना कमी केल्या.

२०१७ मध्ये जॉन कार्लाइल या ब्रिटिश भूलतज्ज्ञाने पाच हजारांहून अधिक रँडमाइज्ड ट्रायल्सचे पहिले तक्ते, म्हणजे सुरुवातीची वयं-वजनं-उंच्या असलेले तक्ते, तपासले. गट खरोखर चिठ्ठ्या टाकून पाडले असतील तर त्यांच्यातला फरक जितका असावा, तितकाच आहे का, हा त्यांचा प्रश्न. संशयाची सुई ज्या पेपरांकडे वळली त्यांत प्रेडिमेडही होता. लेखकांनी स्वतःची दप्तरं पुन्हा उघडली तेव्हा कळलं की एकाच घरातली दुसरी व्यक्ती आली की तिलाही पहिलीचाच गट दिला जात होता, आणि अकरापैकी एका केंद्रावर तर माणसाऐवजी दवाखान्यानुसारच गट वाटले गेले होते. शेजाऱ्याला फुकट तेल आणि आपल्याला काहीच नाही, अशा तक्रारी येऊ लागल्यावर तिथल्या संशोधकाला ती सोय वाटली. कोणाचाही हेतू वाईट नव्हता. पण चिठ्ठी मोडली होती. जून २०१८ मध्ये पेपर मागे घेतला गेला आणि त्याच दिवशी नव्या विश्लेषणासह पुन्हा छापला गेला.

ज्यासाठी हे उदाहरण काढलं ती गोष्ट इथे आहे. नव्या विश्लेषणात आकडे जवळजवळ हललेच नाहीत. शंकास्पद १५८८ जण वगळून पाहिलं तरी उत्तर त्याच सुमाराचं आलं. तेल गटाचं धोक्याचं गुणोत्तर आधी ०.७० होतं, ते ०.६९ झालं. बदललं ते निष्कर्षाचं वाक्य. २०१३ मध्ये लिहिलं होतं, आहाराने घटना कमी केल्या. २०१८ मध्ये लिहिलं, हा आहार ज्यांना नेमून दिला होता त्यांच्यात घटना कमी आढळल्या. आकडा तोच, पी व्हॅल्यूही तशीच भक्कम, तरी ‘केल्या’ म्हणण्याचा हक्क गेला. कारण तो हक्क आकड्याने मिळालेलाच नव्हता. तो मिळतो गट कसे पाडले त्यावरून. खरा फरक मुळात नसेल तर निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता किती, हे पी व्हॅल्यू सांगते. फरक कशामुळे पडला हे ती सांगत नाही.

म्हणून डिस्कशन तपासताना माझी पहिली विनंती अशी: पहिलं वाक्य वाचून झालं की मटेरियल अँड मेथड्सचं प्रकरण उघडा आणि गट कोणी, कधी, कसे पाडले ते पाहा. आपल्याकडच्या बहुसंख्य थीसिस ओपीडीत आलेल्या पेशंटवर केलेल्या, एकदाच मोजमाप घेतलेल्या पाहण्या असतात. तिथे ‘कमी जीवनसत्त्व ड मुळे मधुमेह वाढतो’ असं वाक्य बसूच शकत नाही. मधुमेही माणूस घराबाहेर कमी पडतो म्हणून त्याचं जीवनसत्त्व कमी, असं उलटही असू शकतं, आणि वजन जास्त असल्यामुळे दोन्ही एकदम घडलेलं असू शकतं. त्या तक्त्यातून निघणारं वाक्य एवढंच: या ओपीडीतल्या मधुमेहींत जीवनसत्त्व ड कमी असलेल्यांचं प्रमाण जास्त आढळलं.

इथे एक पळवाट फार वापरली जाते. परीक्षकांनी आक्षेप घेतला की विद्यार्थी प्रत्येक वाक्यात ‘कदाचित’ घालून आणतो. कदाचित मधुमेह वाढतो, मधुमेह वाढत असावा. असं करून दावा लहान होत नाही. कारण-परिणामाचाच दावा तो, फक्त दबक्या आवाजात केलेला. दुरुस्ती क्रियापदात हवी, आणि ती झाली आहे की नाही हे ‘कदाचित’ खोडून वाक्य पुन्हा वाचलं की लगेच समजतं.

प्रेडिमेडकडे परत येतो, कारण त्याच्या तक्त्यात आणखी एक धडा आहे. तीन प्रकारच्या घटना मिळून एक निकष केला होता, हे वर सांगितलं. आता तो निकष फोडून पाहू. पक्षाघात तेल गटात ४९, सुकामेवा गटात ३२, कंट्रोलमध्ये ५८. हार्ट अटॅक अनुक्रमे ३७, ३१ आणि ३८. हृदयविकाराने मृत्यू २६, ३१ आणि ३०. गट साधारण अडीच-अडीच हजारांचे होते, म्हणजे हे आकडे एकमेकांशेजारी ठेवून पाहायला हरकत नाही. (बेरीज वरच्या ९६-८३-१०९ पेक्षा जास्त भरते, कारण एकाच माणसाला दोन घटना होऊ शकतात आणि एकत्रित निकषात त्यातली पहिलीच धरतात.) फरक जवळजवळ सगळा पक्षाघाताच्या ओळीत आहे. हार्ट अटॅकच्या आणि मृत्यूच्या ओळींत संख्याशास्त्राच्या हिशोबाने फरक नाही. कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू पाहिले तर ११८, ११६ आणि ११४. हा आहार घेणारी माणसं या काळात कमी मेली, असं तक्ता म्हणत नाही.

पेपरने एकत्रित निकषाबद्दल जे लिहिलं ते एकत्रित निकषापुरतं होतं, तिथे तक्रार नाही. पण हाच पेपर आपल्या विद्यार्थ्यांच्या डिस्कशनमध्ये येतो तेव्हा तो ‘ऑलिव्ह तेलाने हार्ट अटॅक ३० टक्क्यांनी कमी होतो’ असा येतो. वाक्याला कंसात संदर्भ क्रमांक असतो, म्हणून परीक्षकही पुढे सरकतात. एकत्रित निकष असला की विचारायचं असतं, यातली कोणती ओळ वजन उचलते आहे? आणि डिस्कशन त्याच ओळीचं नाव घेतं आहे का, की जास्त दबदबा असलेल्या दुसऱ्या ओळीचं? दुसऱ्याच्या पेपरवरून केलेला दावासुद्धा त्या पेपरच्या तक्त्यातच बसला पाहिजे. विद्यार्थ्याने मूळ पेपर उघडला होता की तिसऱ्याच कोणाच्या प्रस्तावनेतून वाक्य उचललं, हे इथेच उघडं पडतं.

‘३० टक्के’ बद्दल एवढंच, की तोच फरक दर हजार माणसांमागे वर्षाला सुमारे तीन घटनांचा होता: कंट्रोलमध्ये ११.२, दोन्ही आहार गटांत साधारण ८. दोन्ही आकडे खरे आहेत, आणि मूळ डिस्कशनमध्ये दोन्ही शेजारीशेजारी दिले होते. जो फक्त पहिला देतो त्याला दुसरा मागा.

आता तुलनेची बाजू. कंट्रोल गटाला चरबी कमी करायला सांगितलं होतं, पण त्यांनी ती केली का? आहारातल्या एकूण ऊर्जेपैकी चरबीचा वाटा त्यांच्यात ३९ टक्क्यांवरून ३७ वर आला, बस्स. त्यामुळे ‘भूमध्यसागरी आहार कमी चरबीच्या आहारापेक्षा सरस ठरला’ हे वाक्य ऐकायला ठीक वाटलं, तरी कमी चरबीचा आहार तिथे कोणी खाल्लेलाच नव्हता. शिवाय पहिली काही वर्षं कंट्रोल गटाला वर्षातून एकदा एक पत्रक मिळायचं, तर आहार गटांच्या आहारतज्ज्ञांबरोबर नियमित बैठका व्हायच्या. पुढे ही विषमता लक्षात आल्यावर २००६ मध्ये नियम बदलून दोघांना सारखा वेळ देऊ लागले. मधेच गळालेले लोकही कंट्रोलमध्ये ११.३ टक्के होते आणि आहार गटांत ४.९ टक्के.

लेखकांनी हे लपवलं नाही, डिस्कशनमध्ये मर्यादा म्हणून लिहिलं. त्याच डिस्कशनमध्ये त्यांनी असंही लिहिलं, की गटांमधला मुख्य फरक फुकट दिलेल्या तेलाचा आणि सुक्या मेव्याचाच असल्यामुळे बहुतेक फायदा त्यांच्यामुळेच झाला असावा. तर्क म्हणून हे वाजवी आहे. पण आहार न बदलता फक्त तेल दिलेला चौथा गट ट्रायलमध्ये नव्हता, तेव्हा हा रिझल्ट्समधून निघालेला निष्कर्ष नाही, पुढच्या अभ्यासासाठीचा अंदाज आहे. डिस्कशनमध्ये अंदाज असायला माझी हरकत नाही. उलट तो नसेल तर डिस्कशन कशाला लिहायचं? फक्त तो अंदाज म्हणून ओळखू यावा, आणि शेवटच्या निष्कर्षाच्या परिच्छेदात त्याने शिरू नये.

मर्यादांच्या परिच्छेदाबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या थीसिसमध्ये तो एक विधी होऊन बसला आहे. ‘नमुना लहान होता, अभ्यास एकाच रुग्णालयात झाला, पाठपुरावा कमी काळाचा होता.’ तीन वाक्यं, सगळ्या थीसिसमध्ये तीच. त्यानंतर लगेच निष्कर्ष, जणू वरचं काही लिहिलंच नाही. मर्यादा खरी आहे की नुसती उरकलेली, हे ओळखायची माझी पद्धत साधी आहे: तो परिच्छेद झाकून निष्कर्ष वाचतो, मग उघडून पुन्हा वाचतो. दोन्ही वेळा निष्कर्ष तसाच्या तसा उभा राहत असेल तर मर्यादेचा निष्कर्षावर काहीच परिणाम झालेला नाही. एकाच रुग्णालयातला अभ्यास ही मर्यादा मान्य असेल, तर निष्कर्षात ‘भारतीय रुग्णांमध्ये’ हे शब्द येता कामा नयेत.

सगळ्यात जास्त घसरण होते ती मात्र ‘फरक नाही’ या निकालावर, आणि तिथे प्रेडिमेडची गरज नाही, आपल्या भूलशास्त्र विभागातली नेहमीची थीसिस पुरते. स्पायनल भूल, बुपिव्हॅकेनसोबत एका गटाला डेक्समेडेटोमिडीन, दुसऱ्याला क्लोनिडीन, दोन्हीकडे तीस-तीस पेशंट. आकडे समजावण्यासाठी मी घेतो आहे, पण असे तक्ते आपण शेकड्यांनी पाहिले असतील. भूल किती मिनिटं टिकली हा मुख्य निकष, आणि सॅम्पल साइझ त्यावरच काढलेली. मिनिटांतला फरक पकडायला तीस पुरतात. मग दुष्परिणामांचा तक्ता: नाडी मंदावली एका गटात दोघांची, दुसऱ्यात पाच जणांची. फिशरच्या चाचणीने पी व्हॅल्यू ०.४२. डिस्कशनमध्ये वाक्य उमटतं: ‘दोन्ही औषधं सारखीच सुरक्षित आहेत.’

तक्ता काय म्हणतो ते पाहा. एकीकडे शंभरात सुमारे सात, दुसरीकडे सतरा. फरक दहाचा. त्या फरकाची ९५ टक्के विश्वासमर्यादा काढली तर ती शंभरात सहा कमी इथपासून सव्वीस जास्त इथपर्यंत पसरते. म्हणजे दुसरं औषध किंचित बरं असेल, किंवा दर चार पेशंटमागे एकाची नाडी जादा मंदावत असेल, हा अभ्यास दोन्ही शक्यतांना दार उघडं ठेवतो. सात विरुद्ध सतरा एवढा फरक खरोखर असेल तर तो नेहमीच्या ८० टक्के ताकदीने पकडायला प्रत्येक गटात सुमारे १६० पेशंट लागले असते. तीस पेशंटमध्ये फरक दिसला नाही याचा अर्थ तो शोधण्याइतका हा अभ्यास मोठा नव्हता. ‘सारखीच सुरक्षित’ म्हणायचं असेल तर किती फरक खपवून घ्यायचा ते आधी ठरवून, समतुल्यता सिद्ध करण्यासाठीच अभ्यास आखावा लागतो.

याच तक्त्याची दुसरी आवृत्ती म्हणजे शून्य. ‘एकाही पेशंटला श्वसनाचा त्रास झाला नाही, म्हणून औषध सुरक्षित आहे.’ यासाठी कागदपेन्सिलही लागत नाही: घटना शून्य असेल तर तीनला पेशंटच्या संख्येने भागा, खऱ्या प्रमाणाची वरची मर्यादा साधारण मिळते. तिसात शून्य म्हणजे तीन भागिले तीस, दहा टक्के. दर दहा जणांत एकाचा श्वास अडखळवणारं औषधसुद्धा अशा थीसिसमधून अधूनमधून ‘सुरक्षित’ म्हणून सुटू शकतं. व्हायवामध्ये समोरच्या मुलीला हा भागाकार करायला सांगा. करून झाला की ती स्वतःच वाक्य बदलून देईल, असा माझा तरी अनुभव आहे.

यात थोडा दोष आपला, म्हणजे गाईड आणि परीक्षकांचाही आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या माथी मारणं बरं नाही. व्हायवामध्ये ‘मग तुमच्या अभ्यासाचा उपयोग काय? तुम्ही काय शिफारस करता?’ असं आपणच विचारतो. थीसिसच्या शेवटी ‘शिफारशी’ हे शीर्षक असलंच पाहिजे असा आग्रहही आपलाच. साठ पेशंटवर तीन वर्षांच्या निवासी डॉक्टरने, ड्युटी सांभाळून केलेल्या कामाला राष्ट्रीय धोरण सुचवायला लावलं, की तो तक्त्याबाहेर उडी मारणारच. एका वर्षी एका बाहेरच्या परीक्षकांनी ‘निष्कर्ष फार मिळमिळीत आहे’ म्हणून एका मुलाला तो बदलायला लावला होता. त्याचा मूळ निष्कर्ष तक्त्याला धरून अगदी बरोबर होता.

तेव्हा मागणी अशी आहे. मूल्यमापनाच्या फॉर्मवर डिस्कशनसाठी जे गुण आहेत, त्यातले निम्मे तरी संदर्भांची संख्या आणि इतर अभ्यासांशी तुलना यांवरून काढून दावा आणि तक्ता यांच्या मेळावर द्या. निष्कर्षाच्या प्रत्येक वाक्यापुढे तक्ता क्रमांक लिहायला विद्यार्थ्याला सांगा, ज्याला क्रमांक सापडत नाही ते वाक्य एकतर निघेल किंवा ‘अंदाज’ या उपशीर्षकाखाली जाईल. ‘शिफारशी’ हे शीर्षक सक्तीचं ठेवू नका. ‘पुढे कोणता अभ्यास करावा लागेल’ एवढं विचारलं तरी पुरे. मार्गदर्शकांनी सॅम्पल साइझ काढतानाच विद्यार्थ्याकडून एक ओळ लिहून घ्यावी: हा अभ्यास कोणत्या निकषाबद्दल बोलू शकेल आणि कोणत्या निकषाबद्दल बोलू शकणार नाही. ती ओळ प्रोटोकॉलमध्ये असली की दोन वर्षांनी डिस्कशन लिहिताना दुष्परिणामांबद्दलचा वाद आपोआप मिटतो.

यंदाच्या तुकडीच्या थीसिस आपल्याकडे यायच्या आधी हा फॉर्म बदलणं शक्य आहे. त्याचा मसुदा करून द्यायला मी तयार आहे. आपल्या विभागात येऊन, आपल्याच एखाद्या जुन्या थीसिसवर, नाव झाकून, तासाभरात हे करून दाखवायलाही.

कळावे,

आपला,
वैद्यकीय महाविद्यालयातील एक संख्याशास्त्र शिक्षक